लग्नाआधीची थॅलेसेमिया तपासणी: रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं

आमच्याकडे समुपदेशनाला येणारी बहुतेक जोडपी साखरपुडा उरकून येतात. हॉलचा अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो, पत्रिका छापायला टाकलेल्या असतात आणि मुलीच्या पर्समध्ये रक्तगटाचा कागद असतो. "दोघांचाही बी पॉझिटिव्ह आहे मॅडम, चालेल ना?" हा ठरलेला पहिला प्रश्न. रक्तगट एक असो की वेगळा, थॅलेसेमियाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. ती स्वस्त आहे, आयुष्यात एकदाच करायची आहे, पण तिचा रिपोर्ट वाचताना घोटाळे होतात. या लेखाचा मोठा भाग त्या घोटाळ्यांवर आहे.

आधी दोन शब्द आजाराबद्दल. हिमोग्लोबिनचा एक भाग, ज्याला बीटा साखळी म्हणतात, ती बनवण्याची सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोनदा मिळते. दोन चिठ्ठ्या समजा. एक चिठ्ठी बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणूस वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. तो आजारी नसतो. पळतो, खेळतो, रक्तदान शिबिरात कधीतरी "हिमोग्लोबिन थोडं कमी आहे" म्हणून परत पाठवला जातो, एवढंच. दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या असतील तर बहुतेक वेळा थॅलेसेमिया मेजर. ते बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण पोटातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्याला बीटा साखळी लागत नाही. सहा महिन्यांनंतर ते हिमोग्लोबिन ओसरतं, बाळ पांढरं पडू लागतं, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणं सुरू होतं ते कायमचं. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात साठतं. ते बाहेर काढायला रोज औषध.

भारतात सरासरी शंभरातली तीन ते चार माणसं वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण बरंच जास्त, म्हणून उल्हासनगरसारख्या ठिकाणी लोकांना हा शब्द तरी माहीत असतो. पण "आमच्यात नसतं ते" असं म्हणणारी मराठी घरं मी रोज बघते, आणि त्यांच्यातही वाहक सापडतात. घरात कधी कुणाला आजार झाला नाही, हा पुरावा होत नाही. वाहक वाहकाशी लग्न करेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या काहीच दिसत नाही.

कधी आणि कुणाची

सगळ्यात बरी वेळ म्हणजे स्थळं बघायला लागण्याच्याही आधी, कॉलेजात असताना. ते जमलं नसेल तर बोलणी पक्की होण्यापूर्वी. स्वतःचा रिपोर्ट हातात असला की समोरच्याला विचारणं सोपं जातं.

एकाचीच करायची असेल तर मुलाची आधी करा, असं मी आवर्जून सांगते. वैद्यकीयदृष्ट्या कुणाचीही आधी केली तरी फरक नाही. एक जण पक्का नॉर्मल निघाला की जोडप्यापुरता प्रश्न मिटला. पण आपल्याकडे मुलीची आधी झाली आणि ती वाहक निघाली की तिच्या कपाळावर शिक्का बसतो. मग मुलाची तपासणी करायची तसदीही कुणी घेत नाही, स्थळ मोडतं. इराणमध्ये १९९७ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची आहे, आणि तिथेही आधी पुरुषाचं रक्त बघतात, त्यात संशय आला तरच बाईचं.

मामेबहिणीशी लग्न ठरत असेल तर दोघांचीही करा, थांबू नका. हिशोब असा: मुलगा वाहक आहे. बिघडलेली चिठ्ठी त्याला आईकडून आली असण्याची शक्यता निम्मी. आईची असेल तर तिच्या भावाकडे, म्हणजे मामाकडे, ती असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मामाकडून मुलीकडे जाण्याची आणखी निम्मी. गुणाकार केला की आठात एक. बाहेरच्या मुलीच्या बाबतीत हेच प्रमाण साधारण पंचवीस-तीसात एक.

लॅबमध्ये काय मागायचं

दोन गोष्टी मागायच्या: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. दोन्ही एकाच नमुन्यावर होतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही. खासगी लॅबमध्ये एचपीएलसीला काही शेपासून हजार-दीड हजारापर्यंत लागतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था या विषयात कित्येक वर्षं काम करते आहे, अवघड रिपोर्ट तिथे पोचतात.

रक्त देताना लॅबवाल्याला दोन गोष्टी न विचारता सांगा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं आहे का, आणि लोहाच्या किंवा बी-१२च्या गोळ्या चालू आहेत का. रक्त चढवलेलं असेल तर तपासणी दाखवते ती तुमच्या आणि दात्याच्या रक्ताची भेसळ.

कुठल्याशा शिबिरात "नेस्ट्रॉफ्ट" केली आणि निगेटिव्ह आली, असं काही जण सांगतात. ती ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून, नळीमागची रेघ दिसते की नाही हे नुसत्या डोळ्यांनी बघायची चाचणी आहे. मोठ्या गर्दीतून चाळणी लावायला उत्तम, पण लग्नाचा निर्णय तिच्यावर नको. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजारासाठी सोल्युबिलिटी चाचणी झालेली असते. ती फक्त सिकल पकडते. ती निगेटिव्ह असलेला माणूस थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो.

रिपोर्ट वाचताना

बहुतेक जण रिपोर्टचं शेवटचं वाक्य वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. माझी विनंती आहे की आकडे बघा, आणि सीबीसीचे आधी.

सीबीसीत तीन ओळी महत्त्वाच्या. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, तो ८०च्या खाली असेल तर पेशी लहान. एमसीएच म्हणजे एका पेशीत हिमोग्लोबिन किती, ते २७च्या खाली असेल तर कमी. आणि लाल पेशींची संख्या. वाहकात पेशी लहान असतात पण संख्येने भरपूर, पाच दशलक्षांच्या वर, कधी सहाच्याही वर. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, पण तिथे संख्या सहसा घटते. म्हणून एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायची जुनी युक्ती आहे. उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाचा. युक्तीच आहे ती, निदान नाही.

मग एचपीएलसी. त्यात एचबी ए२ नावाची ओळ शोधा, हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार. नॉर्मल माणसात ती साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत असते. चारच्या वर आणि पेशी लहान, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक, यात फारशी शंका उरत नाही. भानगड आहे ती ३.३ ते ३.९च्या पट्ट्यात. या पट्ट्यातल्या माणसाला कुणी एका वाक्यात "नॉर्मल" म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ए२ची ओळ वीस-तीस टक्के दाखवत असेल तर घाबरू नका, पण कागद बाजूलाही ठेवू नका. हिमोग्लोबिन ई यंत्रावर ए२च्याच जागी उमटतं, त्यामुळे तो बहुधा एचबी ई असतो. हा प्रकार बंगाल आणि ईशान्येकडच्या माणसांत जास्त सापडतो.

एका जोडप्याची गोष्ट

नावं बदलून सांगते. सागर आणि नेहा, दोघंही नोकरीवाले, लग्नाला पाच महिने. सागरचा सीबीसी: हिमोग्लोबिन १३.१, पेशींची संख्या ६.२ दशलक्ष, एमसीव्ही ६४, एमसीएच २१.१. भागाकार केला तर १०.३. एचबी ए२ ५.४ टक्के. हा पाठ्यपुस्तकातला वाहक. त्याला आयुष्यात काहीही त्रास झाला नव्हता. शाळेत असताना वर्षभर लोहाच्या गोळ्या मात्र खाल्ल्या होत्या, कारण "रक्त कमी" होतं.

नेहाचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.८, संख्या ४.९, एमसीव्ही ६६, एमसीएच २०, एचबी ए२ ३.४. खाली लॅबने लिहिलं होतं, की असामान्य हिमोग्लोबिन आढळलं नाही, ए२ सामान्य मर्यादेत. दोन्ही घरांनी सुटकेचा श्वास टाकला. एक वाहक, एक नॉर्मल, विषय संपला. तिच्या आत्याला मात्र चैन पडेना, ती रक्तपेढीत काम करायची, म्हणून ते कागद माझ्या टेबलावर आले.

मला खटकलं ते एवढंच, की ए२ नॉर्मल आहे मग पेशी इतक्या लहान का? त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये नव्हतं. तिची फेरिटिन केली, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी. ती आली ६. म्हणजे साठा संपलेला. सोपं उत्तर मिळालं असं वाटतं ना? पेशी लहान आहेत त्या लोह कमी म्हणून. पण लोहाची कमतरता आणखी एक काम करते: ती ए२ खाली ओढते. वाहक मुलीचं लोह संपलेलं असेल तर तिची ए२ साडेतीनच्या आत उतरू शकते आणि ती नॉर्मल वाटू शकते. आपल्याकडच्या किती मुलींचं लोह कमी असतं हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे हा सापळा दुर्मिळ नाही.

हातात पाच महिने होते, म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन ११.३, फेरिटिन ४२. साठा भरला. आता पेशींचा आकार वाढायला हवा होता, तो ६५वरच होता. संख्या मात्र वाढून ५.५ झाली होती. भागाकार आता ११.८, पहिल्या वेळी तो १३.५ होता. आणि ए२ ४.२. नेहा वाहक होती.

लोह भरल्यावरही पेशी लहानच राहिल्या आणि ए२ नॉर्मलच आली असती तर? मग हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीतला बिघाड, म्हणजे अल्फा थॅलेसेमिया, किंवा बीटाचा एखादा लपलेला सौम्य प्रकार, आणि त्यासाठी डीएनए तपासणी. जोडीदार पक्का वाहक असेल तर ती करायचीच. बी-१२ची कमतरता उलट दिशेने फसवते. ती पेशी फुगवते आणि वाहकाचा एमसीव्ही नॉर्मलच्या जवळ नेऊन ठेवते. शाकाहारी घरांत हे लक्षात ठेवण्यासारखं.

दोघांचे निकाल शेजारी ठेवल्यावर

दोघंही नॉर्मल असतील तर पुढे काही नाही. एक वाहक आणि एक पक्का नॉर्मल असेल तर मेजर बाळ होणार नाही. मुलांपैकी प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. एवढ्या कारणाने लग्न मोडलेली मी बघितली आहेत आणि ते निव्वळ अज्ञान आहे.

एक बीटाचा वाहक आणि दुसरा सिकलचा वाहक, ही जोडी महाराष्ट्रात नेहमी भेटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण दोघांच्या कागदांवर वेगवेगळी नावं असतात. पण दोन्ही बिघाड एकाच जागेवरचे आहेत. बाळाला दोन्ही मिळाले तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, आणि तो सिकलसेलसारखाच वेदनांचे झटके देऊ शकतो. बीटा आणि ई या जोडीतून कधी सौम्य तर कधी मेजरइतकाच तीव्र आजार निघतो. हिमोग्लोबिन डी नावाचा आणखी एक प्रकार आहे, बीटा आणि डी या जोडीतला आजार बहुधा सौम्य राहतो.

आता दोघंही बीटाचे वाहक, सागर-नेहासारखे. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण नॉर्मलची. "पहिलं मेजर झालं, म्हणजे पुढची तीन बरी" असा हिशोब काही घरांत केला जातो. चिठ्ठ्या दर वेळी नव्याने उचलल्या जातात. पहिल्या बाळाला काय मिळालं याची दुसऱ्याला खबर नसते.

अशा दोघांनी लग्न करू नये का? हा प्रश्न आईवडील विचारतात, मुलं फारशी विचारत नाहीत. मी एवढंच सांगते, की लग्नाआधी कळलं तर निर्णय तुमचा, आणि लग्न केलं तरी निरोगी मूल होण्याचे रस्ते आहेत. अट एकच, गरोदर राहण्यापूर्वी तयारी करायची.

दोघंही वाहक असतील तर तयारी

पहिलं काम, दोघांचीही डीएनए तपासणी करून नेमका बिघाड कुठला ते शोधणं. भारतात आयव्हीएस १-५ नावाचा बिघाड सर्वांत जास्त आढळतो, सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ बेसचा तुकडा गळालेला प्रकार बराच दिसतो. दोघांचे बिघाड माहीत असले तरच बाळाच्या नमुन्यात काय शोधायचं ते लॅबला कळतं. काही बिघाड सौम्य असतात आणि दोन मिळूनही बाळाला नियमित रक्त लागत नाही, हेही इथेच समजतं. रिपोर्टला काही आठवडे लागू शकतात, म्हणून हे गरोदरपणाआधी उरकायचं. कागद फाईलमध्ये जपून ठेवा, प्रत्येक गरोदरपणात लागतील.

दुसरं, दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरकडे. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीवर बघत, बहुतेक वेळा पोटातून सुई घालून वारेचा लहानसा तुकडा घेतात. ही वेळ चुकली तर १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढता येतं. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका आहे, अनुभवी हातांत शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. बाळाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल फसवा येतो. चांगली लॅब ते तपासते, तरी विचारून घ्या. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करायला परवानगी आहे. गर्भवतीची तिला समजेल त्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते, आणि लिंग सांगितलं जात नाही.

निकाल मेजर आला तर गरोदरपण पुढे न्यायचं की नाही, हा त्या बाईचा निर्णय. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, आणि २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. ११ व्या आठवड्याचा हट्ट मी धरते तो यासाठीच. निकाल यायला, रडायला, विचार करायला वेळ मिळतो.

ज्यांना पोटातल्या बाळावर हा निर्णय घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी टेस्ट ट्यूबचा रस्ता आहे. प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून त्यातल्या काही पेशी तपासायच्या आणि मेजर नसलेला भ्रूणच आत ठेवायचा. खर्च लाखांत जातो, एका फेरीत गरोदरपण राहीलच असं नाही, आणि राहिल्यावरही खात्रीसाठी वारेची तपासणी करायला सांगतात.

तपासणीआधीच दिवस गेले असतील तर

इथे मात्र तीन महिने लोह देऊन थांबायचं नाही. पहिल्याच भेटीत सीबीसी आणि एचपीएलसी, शक्यतो नवऱ्याचीही त्याच दिवशी. ए२ काठावर असेल, लोह कमी असेल आणि नवरा वाहक निघाला, तर सरळ तिची डीएनए तपासणी. गोळ्या सोबत चालू राहतील. चौथ्या महिन्यात आलेल्या बाईला मी किती घाईत फोन लावलेत ते माझं मला माहीत.

वाहकाला लोह बंदच असतं, असाही एक गैरसमज आहे. फेरिटिन कमी असेल तर द्यायचंच, नेहाला दिलं तसं. फेरिटिन चांगली असताना नुसतं हिमोग्लोबिन दहा-अकरा दिसतं म्हणून वर्षानुवर्षं द्यायचं नाही, सागरला शाळेत दिलं तसं.

वाहक निघालात तर भावंडांना सांगा. आईवडिलांपैकी एक वाहक असेल तर प्रत्येक भावंडाची शक्यता निम्मी असते. नेहाला धाकटा भाऊ आहे, त्याच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. तो आधी टाळत होता, सुया आवडत नाहीत म्हणे. मग नेहानेच त्याचा कंपनीतल्या वार्षिक तपासणीचा जुना सीबीसी शोधून काढला आणि मला फोटो पाठवला. एमसीव्ही ६७, पेशी ६ दशलक्ष. शेजारी लॅबने छापलं होतं, "आहार सुधारा." पुढच्या शनिवारी तो एचपीएलसीला आला.